पैसे भरले तरी फोटो जाऊनच राहिले

"मॅडम, लोन ॲपवाल्याचे पैसे मी कधीचे भरले, तरी माझं तोंड लावलेला घाण फोटो सगळ्यांना पाठवून राहिले. आता कोणाकोणाला सांगत फिरू की तो फोटो माझा नाही म्हणून?"

हे वाक्य मी समुपदेशनाच्या कामात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता शब्दही जवळपास तेच असतात. कॉलेजची पोरं, ऑटोवाले, गृहिणी, एकदा तर एक रिटायर्ड काका. त्यातली एक केस सांगते, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला वर्षा म्हणू. नागपुरात मानेवाड्याकडे राहते, घरीच लहान मुलांच्या ट्यूशन घेते, नवरा बुटीबोरीला कंपनीत. पोराची फी भरायची होती, नवऱ्याला न सांगता ॲपवरून ६ हजार मागितले, हातात आले ३,६००, बाकीचे म्हणे प्रोसेसिंग फी, आणि ७ दिवसांत पूर्ण ६ हजार परत. पाचव्याच दिवशी शिव्यांचे फोन सुरू. तिनं भरले. मग ॲपवाल्यांनी न मागता तिच्या खात्यात परत थोडे पैसे टाकले आणि परत वसुली. असं करत ३१ हजार गेले आणि त्यानंतर फोटो आला.

फोटो कुठून आला हे तिला कळतच नव्हतं. अहो, कर्ज घेताना ॲपनं सेल्फी काढायला लावला होता, तोच चेहरा कापून दुसऱ्या कोणाच्या उघड्या शरीरावर चिकटवला. कॉन्टॅक्टची परवानगी दिली त्याच दिवशी फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेले. म्हणून ॲप उडवून किंवा सिम बदलून काही होत नाही, यादी आधीच गेलेली असते, उलट जुना नंबर बंद केला की धमक्यांचे मेसेज म्हणजे पुरावाच हातचा जातो. वर्षा नेमकं तेच करायला निघाली होती.

पहिल्या वेळी आली तेव्हा ती दिवसभर फक्त खुलासे करत होती. वर्ध्याच्या मावशीला फोन, उमरेडच्या दिराला फोन, ट्यूशनच्या एकेका मुलाच्या आईला मोठाले व्हॉइस मेसेज, की बघा मान कशी वाकडी दिसते, बघा रंग जुळत नाही. ज्यांनी फोटो उघडलाही नव्हता त्यांनी मग मुद्दाम उघडून पाहिला. मी विचारलं, "इतकं समजावल्यावर बरं वाटतं?" म्हणाली, "दहा मिनिटं. मग वाटते, त्या दुसऱ्या बाईनं विश्वास ठेवला नसंल तर?"

मी या कामात एका गोष्टीवर ठाम आहे, माणसाला घटना जितकी पोखरते त्याहून जास्त त्या घटनेबद्दल त्यानं मनात धरलेला हट्ट पोखरतो. वर्षाचा हट्ट होता की एकूण एक माणसानं मला निर्दोष मानलंच पाहिजे. हा हट्ट कोणाचाच पुरा होत नाही. पण हे मी तिला सांगून उपयोग नव्हता, म्हणून एक प्रश्न विचारला, जरा कडकच होता.

"समजा फोटो खराच असता तर?"

बराच वेळ ती बोललीच नाही. मग हळूच, "मग तर माझीच चूक ना."

"पाठवला कोणी?"

"त्यांनी."

"पैसे कोणी उकळले?"

"त्यांनीच." मग एकदम चिडून, "म्हणजे फोटो खरा असो की खोटा, गुन्हा त्यांचाच हाय ना! मग मीच काहून सफाई देऊन राहिली?"

इथं खरी गाडी वळली. खोटं सांगत नाही, असा क्षण समोर घडताना पाहायला मिळतो म्हणूनच मी अजून या खुर्चीत बसते. "तो फोटो माझा नाही" हे वाक्य खरं आहे, पण तेवढंच म्हणत राहिलं की आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतो. "माझ्याकडून खंडणी मागतायत" म्हटलं की पिंजऱ्यात ते जातात. अशा चेहरा चिकटवलेल्या, म्हणजे मॉर्फ फोटोच्या जवळजवळ प्रत्येक केसमध्ये मी याच जागी पोचायचा प्रयत्न करते.

मग आम्ही एकच मेसेज लिहिला, सगळ्यांना तोच. "एका बोगस लोन ॲपनं माझ्या फोनमधले नंबर चोरून बनावट फोटो पाठवणं सुरू केलंय आणि पैसे मागतायत. पोलिसांत तक्रार करतेय. तुम्हाला आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ मला कळवा." बस. मान, रंग काही नाही. त्या रात्री तिनं आधी नवऱ्याला सांगितलं. तो कर्जाबद्दल चिडला, फोटोबद्दल नाही. दोन जवळच्या माणसांना आम्ही मुद्दाम सांगितलं की चॅट डिलीट करू नका, कारण ज्याच्या फोनवर फोटो आला त्याचा फोन हा मूळ पुरावा. बाकीच्यांनी खुशाल उडवावा.

तक्रारीत लोक फोटोबद्दल पानभर लिहितात आणि पैशाबद्दल एक ओळ. उलट करा. व्हॉट्सॲप नंबर बहुतेक बाहेरदेशचा किंवा खोट्या नावावरचा निघतो, तिथं तपास अडतो, पण पैसा कुठल्यातरी खात्यातच जातो. म्हणून प्रत्येक पेमेंटची तारीख, रक्कम, यूपीआय आयडी आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, ओळीनं लिहा, सोबत ॲपचं नाव, कुठून डाउनलोड केलं ती लिंक, धमकीचे स्क्रीनशॉट ज्यात नंबर आणि वेळ दिसते. हे सगळं घेतल्यावरच ॲप काढा आणि नंबर ब्लॉक करा. आणि पैसे भरणं थांबवा, कारण भरणारा माणूस त्यांच्यासाठी गिऱ्हाईक असतो, वर्षाचे ३१ हजार त्याचाच पुरावा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. सोबत cybercrime.gov.in वर तक्रार. आणि ठाण्यात लेखी. वर्षाला ठाण्यात ऐकावं लागलं, "कर्ज घेतलं ना, मग फेडा." हे बऱ्याच जणांना ऐकावं लागते. तिथं शांतपणे म्हणायचं की कर्जाचा वाद वेगळा, अश्लील फोटो पाठवून पैसे मागणं हा गुन्हा वेगळा. आयटी कायद्याचं कलम ६७ आणि ६७-अ, भारतीय न्याय संहितेचं खंडणीचं कलम ३०८, एवढे आकडे कागदावर असले तरी समोरचा जरा नीट बसतो. हद्दीचं कारणही चालत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो. तरी नाहीच घेतला तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी आणि नंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे तर शिकलेल्या बायकांनाही माहीत नसते! आपल्या नागपुरात बाईला ठाण्यात एकटं जायची भीती वाटत असेल तर बायकांना मदत करणारा पोलिसांचा भरोसा सेलही आहे.

फोटो फेसबुक, इन्स्टावर चढला असेल तर तिथं रिपोर्ट करा, आणि stopncii.org वर आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो, फोटो कुठं जात नाही, ठसा जातो आणि सहभागी साइट त्यावरून फोटो अडवतात. मॉर्फ फोटोही चालतो. पण हे १८ वर्षांवरच्यांसाठी, आणि व्हॉट्सॲपवर एकानं दुसऱ्याला खाजगीत पाठवलेलं यानं थांबत नाही, ते आधीच समजून घ्या नाहीतर उगाच निराशा येते.

वर्षाचं काय झालं? ज्या खात्यात पैसे गेले त्यातलं एक गोठलं, थोडी रक्कम अडकून आहे. फोन करणारे सापडले नाहीत. उत्तर मिळेना, पैसे मिळेना म्हणून मेसेज कमी होत गेले. एका आईनं मुलाला ट्यूशनमधून काढलं, वर्षा म्हणाली, "काढू द्या, त्यायची मर्जी." तक्रारीचा नंबर तिनं जपून ठेवलाय, मधेच नव्या नंबरवरून परत फोटो आला तेव्हा नवी तक्रार करत न बसता तो नंबर त्याच तक्रारीत जोडून दिला.