क्रीमआधी आरसा घे

अगं, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी क्रीम मागवण्याआधी आरसा घेऊन खिडकीशी उभी राहा. हनुवटी थोडी वर कर आणि उजेड थेट चेहऱ्यावर घे. काळेपणा बराचसा गायब झाला, तर ती डोळ्याखालच्या खळगीची सावली आहे. खळगी क्रीमने भरत नाही. माझी दोन वर्षं आणि चार ट्यूबा त्यातच गेल्या. झोपेला दोष देत बसले होते, निघाली आईकडून आलेली चेहऱ्याची ठेवण!

उजेडातही तपकिरी रंग तसाच राहिला, तर ते रंगद्रव्य. इथे व्हिटॅमिन सी किंवा नायसिनामाइडने थोडा उजळपणा येऊ शकतो, पण दोन-तीन महिने धीर हवा आणि रोज सनस्क्रीन. अ‍ॅलर्जीने खाज सुटून डोळे चोळत असशील, तर आधी तिच्यावर उपाय कर, नाहीतर डाग पुन्हा गडद होतो.

निळसर-जांभळी छटा म्हणजे पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या. कॅफिनवाल्या क्रीमने सकाळची सूज जरा उतरते, तीही काही तासच. रेटिनॉलने त्वचा हळूहळू भरते. तांदळाच्या दाण्याएवढंच घे, आठवड्यातून दोन रात्री, पापणीपासून दूर, डोळ्याखालच्या हाडावर लाव. गरोदर असशील तर ते नकोच.