फॉरवर्ड आलेला क्यूआर: पैसे पाठवायच्या आधी

अरे, म्हापशाच्या ग्रुपवर पुराचा फोटो नि क्यूआर आला म्हणून लगेच पैसे टाकू नको, आधी फक्त दोन गोष्टी बघ, बाकीचं नंतर शिकशील.

पहिलं म्हणजे यूपीआय आयडी अक्षर-अक्षर वाच. २०२० मध्ये पीएम केअर्सचा खरा आयडी pmcares@sbi होता आणि ठगांनी pmcare@sbi काढला, फक्त एक s कमी! घाईत कोण बघतो? म्हणून मेसेजमधला आयडी वापरूच नको, संस्थेची वेबसाइट स्वतः उघड नि तिथला घे.

दुसरं, स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं, तिथे थांब. पोस्टर ट्रस्टचं आणि नाव भलत्याच माणसाचं, तर बॅक मार. गावातली पोरं खरंच कोणाच्या तरी पर्सनल खात्यावर गोळा करतात म्हणा, पण मग ओळखीतल्या कोणाला तरी विचारून खात्री कर, पोस्टरवरच्या नंबरावर नको, तो ठगाचाच असणार.

नवखे फोटो बघून फसतात, फोटो खरा असला तरी खातं खोटं असू शकतं. पैसे गेलेच तर तासभर रडत बसू नको, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लाव.