शब्दांमागे न धावता इंग्रजी सुविचार मराठीत कसा आणावा?

प्रश्न : "व्हेन द गोइंग गेट्स टफ, द टफ गेट गोइंग" या वाक्याचे मराठी करताना अर्थ येतो, पण मजा जाते. लय टिकवून हे कसे करावे?

या वाक्याची मजा त्याच्या अर्थात कमी आणि रचनेत जास्त आहे. गोइंग, टफ, टफ, गोइंग असे दोनच शब्द आरशात दिसावेत तसे उलट क्रमाने परततात आणि परतताना अर्थ बदलतात. पहिला 'गोइंग' म्हणजे वाटेची अवस्था, तर दुसरा म्हणजे कामाला लागणे. पहिला 'टफ' परिस्थितीचे विशेषण, तर दुसरा माणसांचे नाव. म्हणूनच शब्दाला शब्द ठेवून केलेले "जेव्हा जाणे कठीण होते, तेव्हा कठीण लोक जाऊ लागतात" हे भाषांतर हास्यास्पद होते, कारण त्यात लोक चक्क निघून जातात.

मी आधी मूळ शब्द बाजूला ठेवले आणि एकाच शब्दाचे दोन उपयोग मराठीत कुठे सापडतात ते शोधले. 'वाट' हाती लागली, कारण वाट खडतर असते, खुंटते आणि काढताही येते. पहिला खर्डा असा होता : "जेव्हा वाट खडतर होते, तेव्हा खंबीर माणसे त्यातून वाट काढतात." अर्थ नीट आहे, पण 'जेव्हा–तेव्हा' या जोडीने वाक्य शाळेतल्या निबंधासारखे झाले आणि 'त्यातून' निव्वळ भरतीचा. हे सारे काम एकटा 'की' करतो :

"वाट खुंटली की, खंबीर माणसे वाट काढतात."

वाट, खुंटली, खंबीर, वाट असा आरसा इथेही उभा राहिला. 'टफ'ची पुनरुक्ती गेली, पण तिच्या जागी 'ख'चा अनुप्रास आला. 'खडतर'नेही तो साधला असता, परंतु नुसत्या खडबडीत वाटेवरून माणूस चालत राहतो, वाट काढावी लागते ती खुंटल्यावरच. त्यामुळे मूळ वाक्यापेक्षा संकट थोडे गडद झाले आहे, ही किंमत मला मान्य आहे.

लय तपासताना अक्षरे लिहिण्याप्रमाणे नव्हे, तर उच्चाराप्रमाणे मोजावीत. 'वाट' बोलताना एकच अक्षर होते आणि 'माणसे' दोन. अशी दोन्ही वाक्ये अकरा-अकरा भरतात, पण तो योगायोग समजा. इंग्रजीत विराम सहा अक्षरांनंतर आहे, इथे चारनंतर, कारण आपल्याकडे भार शेवटच्या क्रियापदाकडे सरकतो आणि तो ओढून मागे आणल्यास वाक्य लंगडते.

इंग्रजी वाक्य न सांगता तुमचे मराठी वाक्य कोणाला तरी एकदाच ऐकवा आणि तासाभराने आठवायला सांगा. ज्या शब्दापाशी तो माणूस अडखळेल किंवा स्वतःचा शब्द घालेल, तिथे बहुधा इंग्रजी शिल्लक राहिलेले असते. माझ्या पहिल्या खर्ड्यातला 'त्यातून' असाच गळून पडला होता.