उभी हेडिंगं आडवी करताना रकाना चुकतो, तो कुठे चुकतो?

प्रश्न: जनगणनेच्या गावनिहाय तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढलाय. आकडे ओसीआरने बरे आले, पण रकान्यांची नावं उभी छापलेली आहेत, त्यांचा नुसता कचरा येतो. हाताने टाइप केली तर मध्येच कुठेतरी एक रकाना सरकला. दुसरा एक तक्ता एक्सेलचा प्रिंटआउट आहे, त्यात हेडिंगं तिरकी आहेत. दोन्ही साध्या आडव्या हेडिंगसह शीटमध्ये हवे आहेत. कसं करू?

उत्तर:

अक्षरं फिरवणं हे यातलं सोपं काम आहे. खरी गोम कोणतं नाव कोणत्या रकान्याचं, यात आहे, आणि तुमचा रकाना सरकला तो तिथेच. म्हणून फिरवण्याचं थोडक्यात सांगतो आणि जुळवण्याचं जरा सावकाश.

आधी शिरोरेषा बघा. उभ्या मजकुरात शिरोरेषा अक्षरांच्या डाव्या बाजूला असेल तर मजकूर खालून वर वाचायचा आहे, म्हणजे चित्र घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवायचं. ती उजव्या बाजूला असेल तर मजकूर वरून खाली जातो, तिथे उलट दिशेने फिरवायचं. छापील सरकारी तक्त्यांत मला बहुतेक पहिलाच प्रकार दिसला आहे. तिसराही एक प्रकार असतो, अक्षरं सरळ उभी पण एकाखाली एक रचलेली, दुकानाच्या पाटीसारखी. तिथे फिरवून काही हाती लागत नाही, सरळ हाताने टाइप करा.

पहिल्या प्रकारात हेडिंगची अख्खी पट्टी एकदम फिरवली तर एक चांगली गोष्ट होते. डावीकडचा रकाना वर जातो, उजवीकडचा खाली येतो, आणि नावांची वरून खाली अशी क्रमवार यादी मिळते. पण दुसऱ्या प्रकारात, उलट दिशेने फिरवल्यावर, हीच यादी शेवटाकडून सुरू होते. ती तशीच वरून खाली उतरवून घेतली की सगळा तक्ता उलटा. हे वाचायला बाळबोध वाटेल, पण रात्री अकरा वाजता पंधरावं पान करताना होतं.

पट्टी एकदम फिरवण्यात दोन अडचणी आहेत. एक, ‘गावाचे नाव’सारखी आधीच आडवी असलेली हेडिंगं आता उभी होतात आणि त्यांचा कचरा यादीत मिसळतो. दुसरी, ‘घरगुती / उद्योग’ असं दोन ओळींत मोडलेलं नाव यादीत दोन नावं म्हणून येतं. रकाने दहा आणि ओळी तेरा, की सरकायला सुरुवात झालीच. माझा अंदाज आहे की तुमचंही असंच झालं. न फिरवता, मान वाकडी करून टाइप करताना तर ओळींचा क्रमही चुकतो. खालून वर वाचायच्या मजकुरात पहिली ओळ सगळ्यात डावीकडची असते, आणि वरून खाली जाणाऱ्या मजकुरात सगळ्यात उजवीकडची.

त्यामुळे मी प्रत्येक हेडिंग वेगळं कापतो. दहा रकान्यांना दहा मिनिटं जातात, पण नंतरचा तास वाचतो. चित्रं कापा-फिरवायचं इमेजमॅजिक आणि ओसीआरचं टेसरॅक्ट असेल तर कमांड लाइनवर असं:

```
magick photo.jpg -auto-orient sidha.png
magick sidha.png -crop 84x400+612+268 +repage -rotate 90 \
  -resize 200% -colorspace Gray -bordercolor white -border 20 h07.png
tesseract h07.png h07 -l mar --psm 6
```

`-auto-orient` विसरू नका. मोबाइल बऱ्याचदा फोटो आडवाच साठवतो आणि ‘हा फिरवून दाखवा’ एवढी खूण फाइलमध्ये ठेवतो. ती खूण लागू न करता कापलं तर पडद्यावर मोजलेले आकडे भलत्याच जागी लागतात. `-crop` मधले आकडे म्हणजे रुंदी, उंची, आणि डावीकडून व वरून अंतर, सगळे पिक्सेलमध्ये. एकाच ओळीचं हेडिंग असेल तर `--psm 7` वापरा. मदतीच्या यादीत `--psm 5` पुढे ‘उभा मजकूर’ असं काहीसं दिसतं आणि मोह होतो, पण तो जपानीसारख्या खरोखर उभ्या लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांच्या कामाचा. आडव्या झालेल्या देवनागरीला त्याचा उपयोग नाही.

कापताना कुठे कापता हे महत्त्वाचं. रकान्याची उभी रेघ चित्रात राहिली तर फिरवल्यावर ती आडवी होते, नेमकी शिरोरेषेच्या वर, आणि ओसीआर तिलाच शिरोरेषा समजतो. म्हणून रेघेच्या आतून कापायचं. पण फार आतून कापलं तर दुसरी पंचाईत होते, कारण उभ्या स्थितीत अनुस्वार, वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या डावीकडे, रेघेला अगदी चिकटून असतात, आणि उकार उजव्या कडेला. ‘कुटुंबे’ हा शब्द याची परीक्षाच आहे. डावीकडून चार पिक्सेल जास्त कापलेत की ‘कुटुबे’, उजवीकडून जास्त कापलेत की ‘कटंबे’. निकालात अनुस्वार किंवा उकार सलग गायब दिसले तर ओसीआरला दोष देण्याआधी कापलेलं चित्र उघडून बघा. रेघ आणि अनुस्वार यांच्यात जागाच नसेल तर थोडं सैल कापा आणि रेघ कोणत्याही चित्रसंपादकात पांढऱ्या ब्रशने पुसा.

आता जुळवणी. हेडिंगच्या खाली १, २, ३ अशी रकान्यांच्या क्रमांकांची ओळ आहे का बघा. जनगणनेच्या आणि इतर सरकारी तक्त्यांत ती सहसा असते आणि लोक ती निरुपयोगी म्हणून आधी काढून टाकतात. मी ती शेवटपर्यंत ठेवतो. प्रत्येक तुकड्याच्या फाइलला तोच क्रमांक द्यायचा (वरच्या उदाहरणात `h07`), आणि नाव शीटमध्ये त्या क्रमांकाच्या वर टाकायचं, मागच्या नावाच्या पुढे नाही. मग एखादं नाव वाचता आलं नाही तरी तेवढाच खण रिकामा राहतो, पुढचं काही सरकत नाही.

दुमजली हेडिंगं असतील, म्हणजे वर आडवं ‘मुख्य कामगार’ आणि त्याखाली उभी चार नावं, तर वरचं नाव खालच्या प्रत्येक नावाला जोडून लिहा: ‘मुख्य कामगार – शेतमजूर’. शीटमध्ये खण एकत्र करून ठेवलेत तर सॉर्ट आणि फिल्टर दोन्ही त्रास देतात. वरचं नाव कुठपर्यंत लागू आहे हे अक्षरांवरून नाही, त्याच्या खालच्या आडव्या रेघेवरून ठरवायचं. ती जिथे संपते तिथे गट संपतो.

मग बेरजेने ताळा. जनगणनेच्या तक्त्याचं हे सुख आहे. समजा A मध्ये अनुक्रमांक, B मध्ये गाव, C मध्ये एकूण लोकसंख्या १८४०, D मध्ये मुख्य कामगार ७१२, E ते H मध्ये शेतकरी ३८८, शेतमजूर २१४, घरगुती उद्योग १७, इतर ९३, I मध्ये सीमांतिक कामगार १९६ आणि J मध्ये काम न करणारे ९३२. मुख्य कामगारांचे चार भाग मिळून मुख्य कामगार व्हायला हवेत, आणि मुख्य, सीमांतिक व काम न करणारे मिळून लोकसंख्या. म्हणजे ही दोन्ही सूत्रं, रकान्यांची अक्षरं तुमच्या शीटमधली हेडिंगं वाचून घातली तर, प्रत्येक गावाला शून्य देतील:

```
=D5-SUM(E5:H5)
=C5-D5-I5-J5
```

हेडिंगं एका रकान्याने उजवीकडे सरकली असती तर ‘मुख्य कामगार’ ३८८ वर बसलं असतं आणि त्याचे ‘चार भाग’ २१४, १७, ९३, १९६ म्हणजे ५२० झाले असते. लगेच कळतं. एकाच गावाला शून्य येत नसेल तर आकडा चुकलाय. सगळ्याच गावांना येत नसेल तर हेडिंग चुकलंय. पण या ताळ्याला मर्यादा आहे. गटाच्या आत शेतकरी आणि शेतमजूर यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि सूत्र गप्प बसतं. तिथे पुन्हा क्रमांकाची ओळच बघायची.

तिरक्या हेडिंगचा प्रिंटआउट थोडा वेगळा आहे. एक्सेलमध्ये ४५ अंशांचा कोन दिला की नाव आपल्या रकान्यापाशी सुरू होतं आणि वर जाता जाता उजवीकडच्या एक-दोन रकान्यांच्या डोक्यावर झुकतं. डोळा नावाचा मधला भाग बघतो आणि तिथेच फसतो. एका शाळेचं निकालपत्रक मी असंच उतरवलं होतं. इतिहासाचे गुण भूगोलाच्या नावावर गेले, आणि शेवटचं ‘एकूण’ चौकटीच्या बाहेर लोंबतंय म्हणून मी ते शेरा समजून सोडून दिलं. चूक काढली ती एका पालकाने. नावाचं फक्त खालचं टोक बघायचं, ते ज्या रकान्याला टेकतं त्याचंच ते नाव. तिरक्या रेघा असतील तर बोट रेघेवरून खाली आणा. शेवटचं नाव चौकटीबाहेर जाणं इथे साहजिकच आहे, त्यामुळे फोटो काढतानाच उजवीकडे ऐसपैस जागा सोडा.

इथे एकेक नाव आयताकृती कापता येत नाही, शेजारच्यांचे तुकडे आत येतात. आधी पट्टी मोठी करा, मग फिरवा, मग कापा:

```
magick sidha.png -crop 1500x420+140+120 +repage -resize 200% \
  -background white -rotate 45 tirki.png
```

९० अंश फिरवताना पिक्सेल जसेच्या तसे राहतात, ४५ ला ते नव्याने मोजले जातात आणि अक्षर मऊ पडतं, म्हणून मोठं करणं आधी. फिरवल्यावर नावं जिन्याच्या पायऱ्यांसारखी येतात, सगळ्यात वरची पायरी म्हणजे डावीकडचा पहिला रकाना. फोटो तिरपा काढला असेल तर कोन ४५ राहत नाही, कधी ४१, कधी ४८, आणि डावीकडे एक नि उजवीकडे दुसरा. अशा वेळी आधी स्कॅनिंग अ‍ॅपमध्ये चार कोपरे देऊन फोटो सरळ करा. कोपरे हेडिंगचे किंवा आकड्यांच्या चौकटीचे नकोत, कागदाचे द्या, कारण तिरक्या हेडिंगच्या वरच्या बाजूला चौकोन नसतोच. आणि आकड्यांच्या चौकटीचे दिले तर अ‍ॅप बाहेरचा हेडिंगचा भागच छाटून टाकतं.

जनगणनेचा तक्ता पुस्तकाच्या पानावरचा असेल तर बांधणीजवळचे दोन-तीन रकाने वाकलेले असतील. ते सॉफ्टवेअरने सरळ करत बसू नका. पुस्तक दाबून धरायला घरातल्या कुणाला तरी बोलवा आणि फक्त हेडिंगच्या पट्टीचा जवळून दुसरा फोटो काढा.