ऑफिसची वेळ बदलण्याची नोटीस कशी लिहावी

प्रश्न: "पुण्यात आमचं चाळीसएक माणसांचं ऑफिस आहे. १ जूनपासून वेळ १० ते ६.३० ऐवजी ९ ते ५.३० होणार. नोटीस मी लिहायची आहे. लोक बिथरू नयेत आणि नंतर शंका घेऊन टेबलाशी रांग लागू नये, अशी कशी लिहू?"

पहिल्याच वाक्यात नवी वेळ आणि तारीख लिहा. "सर्व कर्मचाऱ्यांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, व्यवस्थापनाने घेतलेल्या निर्णयानुसार" अशी सुरुवात झाली की वाचणारा चौथ्या ओळीपर्यंत वेळ शोधत राहतो, आणि तोवर त्याच्या मनात नको ते येऊन गेलेलं असतं. तारखेबरोबर वारही लिहा.

लगेच पुढे काय बदलत नाही ते सांगा. बहुतेक नोटिसांमध्ये नेमकं हेच राहून जातं. नऊला यायचं एवढंच डोक्यात बसतं आणि दुपारपर्यंत "एक तास वाढवला" अशी बातमी पसरते. तुमच्याकडे एकूण वेळ तेवढाच आहे, मग तो आकड्यात मांडा. साप्ताहिक सुट्टी आणि पगार तसेच राहणार असतील तर तेही लिहा.

कारण एका वाक्यात आणि खरं असावं. इथे एक मोह होतो: आलोच आहोत तर उशिरा येणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवावेत. ते अजिबात करू नका. "नियम न पाळल्यास कारवाई" ही एक ओळ घातली की वेळेवर येणाऱ्या पस्तीस जणांनाही ती आपल्यालाच उद्देशून वाटते. उशिराचा विषय ज्याचा त्याच्याशी वेगळा बोला.

रांग लागते ती अर्धी रजा, जेवणाची सुट्टी आणि लेट मार्क या तीन गोष्टींवरून. तुमची जेवणाची सुट्टी २ ते २.३० होती असं धरून मी मजकूर असा लिहीन:

"सोमवार, १ जूनपासून ऑफिसची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० राहील. कामाचे एकूण तास, पगार आणि साप्ताहिक सुट्टी यांत बदल नाही. आपले बरेच ग्राहक सकाळी ९ पासून फोन करतात, म्हणून हा बदल केला आहे.

जेवणाची सुट्टी १ ते १.३० असेल. अर्ध्या दिवसाची रजा सकाळची असल्यास १.३० वाजता कामावर यावे. दुपारची असल्यास १ वाजता निघावे.

शाळा सुरू होऊन मुलांच्या वेळा बसेपर्यंत, म्हणजे शुक्रवार, १९ जूनपर्यंत, ९.३० पर्यंत आल्यास लेट मार्क लागणार नाही. त्यानंतर नेहमीप्रमाणे १० मिनिटांची सवलत राहील.

नवी वेळ कोणाला अडचणीची असल्यास २० मेपर्यंत मला येऊन भेटावे."

१९ जून अशासाठी, की आपल्याकडे शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात आणि व्हॅनवाल्याची वेळ त्याच आठवड्यात ठरते. "सुरुवातीचे काही दिवस सवलत" असं मोघम लिहिलंत तर प्रत्येकाचे काही दिवस वेगळे निघतील. शेवटच्या ओळीत तुमचं नाव हवं. "संबंधित विभागाशी संपर्क साधावा" म्हटलं की कोणी येत नाही, कुजबुज मात्र सुरू राहते. आणि कोणी आलं तर खरोखर काहीतरी करता यायला हवं, एखाद्याला ९.३० ते ६ ची वेळ देण्याची मुभा साहेबांकडून आधीच घेऊन ठेवा.

नोटीस ७ मेच्या गुरुवारी काढा. शुक्रवारी संध्याकाळी काढली तर शनिवार-रविवार नुसते तर्क चालतात. आदल्या दिवशी विभागप्रमुखांना सांगून ठेवा, कारण पहिला प्रश्न त्यांनाच येणार. ७ मे म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. औद्योगिक कायद्यात 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांच्या कामाच्या वेळा किंवा विश्रांतीची वेळ बदलायची तर २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही अट होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ऑफिसातले सगळे त्या व्याख्येत येतीलच असं नाही, आणि सूचना कोणत्या नमुन्यात द्यायची हेही तुमच्या कायदा सल्लागाराला विचारून घ्या. दिवस मात्र सगळ्यांसाठी तेवढे ठेवा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मजकूर थेट टाका. नुसती पीडीएफ टाकली तर निम्मे जण ती उघडत नाहीत. सहीची प्रत फलकावर लावा.

शेवटी, हजेरीच्या मशीनमधली शिफ्ट ३१ मेच्या रात्रीपर्यंत बदलून घ्या आणि १ जूनला संध्याकाळी स्वतः रिपोर्ट काढून बघा. शिफ्ट जुनीच राहिली तर ५.३० ला निघालेला प्रत्येक जण 'लवकर गेला' म्हणून दिसतो. पगारात ती कपात दिसली की मग नोटिशीत काय लिहिलं होतं, यावर कोणी विश्वास ठेवत नाही.