मिठागरातली साय आणि शंभर कोटी वर्षांचा उशीर

प्रश्न: बॅक्टेरिया आणि स्ट्रोमॅटोलाइटचे दगड जवळजवळ ३५० कोटी वर्षं जुने आहेत म्हणतात, मग हवेत ऑक्सिजन २४० कोटी वर्षांपूर्वीच का आला? आणि हे नुसत्या दगडाच्या थरांवरून कसं कळतं?

उत्तर:

कारण सूक्ष्मजीवांच्या ज्या थराने ऑक्सिजन बनवला, त्याच्याच खाली राहणाऱ्या शेजाऱ्यांनी तो खाऊन टाकला. हवेपर्यंत पोचायचा तो फक्त उरलासुरला. आणि नुसत्या थरांवरून हे कळत नाही, हेही खरं. तिकडे शेवटी येते.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मुंबईच्या पोटातला दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या सायीने थरावर थर रचून बनलेला दगड, सापडायचा प्रश्नच नाही. पण ज्या सायीपासून असे दगड बनतात, ती साय मात्र इथे आहे. भांडुपच्या बाजूला मिठागराच्या बांधालगत, जिथे खारं पाणी वीतभरसुद्धा खोल नसतं, तिथे तळाशी चामड्यासारखा एक जाड पापुद्रा असतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तो सुरीने उचकटायला लागले, तर तिथले काका म्हणाले, "मॅडम, जास्त काढू नका, नाहीतर पाणी खाली जिरतं." त्यांचं बरोबर होतं. हे जीव चिकट बुळबुळीत पदार्थ सोडतात आणि त्याने चिखलाची छिद्रं बुजतात.

बोटभर तुकडा उभा कापला की आत बर्फीसारखे रंग दिसतात. वर तपकिरी-सोनेरी पातळ थर, त्याखाली जेमतेम एक-दोन मिलीमीटरचा गर्द हिरवा, मग जांभळट गुलाबी आणि तळाला काळा. हिरवा थर सायनोबॅक्टेरियांचा. सूर्यप्रकाशात पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारे ते हेच. जांभळे जीवाणूही प्रकाशावरच जगतात, पण ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाईड वापरतात आणि ऑक्सिजन सोडत नाहीत. हिरव्यांनी दिसणारा उजेड वरच गिळला तरी त्यांचं अडत नाही, कारण हिरव्यांच्या कामाचा नसलेला अवरक्त प्रकाश खालपर्यंत झिरपतो आणि त्यांना तोच लागतो. काळ्या थरातले जीवाणू मेलेल्या हिरव्यांवर जगतात. श्वासासाठी ते ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड बाहेर पडतो. काळा रंग लोहाच्या सल्फाईडचा.

आता माझी फजिती सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. सकाळी साडेआठच्या प्रॅक्टिकलला मी या सायीचा तुकडा काचेच्या ताटलीत खाऱ्या पाण्याखाली ठेवला. मुलांना ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवायचे होते. ताटली खिडकीत उन्हात होती. साडेदहा वाजले तरी एकही बुडबुडा नाही. वर झाकण उघडलं तेव्हा असा वास सुटला की मागच्या बाकावरची मुलं थेट पॅसेजमध्ये. "सँपल मेलं असेल," असं सांगून मी वेळ मारून नेली. दुपारी एक वाजता डबा खायला आले तर ताटलीभर मोत्यांसारखे बुडबुडे, आणि वास गायब!

सँपल मेलं नव्हतं. रात्रभर अंधारात हिरव्यांचं काम बंद होतं, पण काळ्यांचं नव्हतं. सल्फाईड वर चढत पार पृष्ठभागापर्यंत आलं होतं. सकाळी उजेड पडल्यावर बनलेला पहिला ऑक्सिजन या सल्फाईडशी लढण्यात आणि इतर जीवाणूंच्या पोटात गेला. ते देणं फिटल्यावरच बाहेर बुडबुडा दिसला.

हे मोजून दाखवणारी माणसं डेन्मार्कच्या आऱ्हूस विद्यापीठातली, नील्स पेटर रेव्सबेक आणि बो बार्कर योर्गेनसेन. त्यांनी काचेचे असे इलेक्ट्रोड वापरले ज्यांचं टोक केसाहून कितीतरी बारीक असतं. ते साईत मिलीमीटरच्या दहाव्या भागाने पुढे सरकवत प्रत्येक पातळीवर ऑक्सिजन मोजायचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिनाईतल्या सोलर लेक नावाच्या खाऱ्या तळ्यातल्या सायीवर त्यांनी हे केलं. दुपारी वरच्या एक-दोन मिलीमीटरमध्ये ऑक्सिजन वरच्या पाण्यापेक्षा कित्येक पट जास्त निघाला, आणि त्याच्या लगेच खाली शून्य. अंधार झाला की वरचा साठाही काही मिनिटांत संपला. एवढी श्रीमंती आणि एवढं दारिद्र्य, दोन्ही तांदळाच्या दाण्याच्या जाडीत.

आता हिशोब बघा. एक रेणू ऑक्सिजन बनतो तेव्हा एक घटक सेंद्रिय कार्बनही बनतो. तो कार्बन कुणी खाल्ला, किंवा त्याच्यापासून बनलेलं सल्फाईड पुन्हा जळलं, की तेवढाच ऑक्सिजन परत जातो. बेरीज शून्य. हवेत ऑक्सिजन शिल्लक राहतो तो फक्त त्या कार्बनच्या बदल्यात, जो कुणाच्या तोंडी न लागता गाळात गाडला गेला. (पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात गाडलेलं गंधकही याच खात्यात येतं.) आजच्या समुद्रातसुद्धा बनलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी शंभरात एकापेक्षा कमीच भाग कायमचा गाडला जातो. म्हणजे पृथ्वीभर सायच साय पसरली असती तरी हवेच्या वाट्याला चिमूटभरच आलं असतं. त्या चिमटीलाही बाहेर गिऱ्हाइकं टपलेली होती: ज्वालामुखीतून येणारे वायू आणि समुद्रात विरघळलेलं अफाट लोह. आज आपण ज्या पट्टेदार लोहखडकांतून लोखंड काढतो, त्यातलं बरंचसं लोह त्या काळातच समुद्राच्या तळाशी बसलं.

मग चित्र बदललं कसं? याची कारणं अनेक सांगतात आणि त्यांच्यावर वाद आहेत. ज्वालामुखींचे वायू कमी झाले, हलका हायड्रोजन अवकाशात निसटत राहिला, वगैरे. मला त्यातलं एक विशेष पटतं, बहुधा त्या फसलेल्या प्रॅक्टिकलमुळे असेल. अमेरिकेत ह्यूरॉन सरोवराच्या तळाशी एक खड्डा आहे, मिडल आयलंड सिंकहोल. तिथल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि गंधकाची संयुगं भरपूर, म्हणजे जुन्या समुद्राचा छोटा नमुनाच. तिथल्या साईत रात्री गंधक खाणारे पांढरे जीवाणू वर येऊन बसतात. सकाळी ऊन आलं तरी ते लगेच हटत नाहीत, त्यामुळे खालच्या जांभळ्या सायनोबॅक्टेरियांना (हो, हे सायनोबॅक्टेरिया जांभळे असतात!) कामाला लागायला उशीर होतो. त्यावरून युडिथ क्लाट आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली विचारलं की दिवसाची लांबीच वेगळी असती तर?

आणि ती खरंच वेगळी होती. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो आहे आणि भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते आहे. तेव्हाचा दिवस आजच्यापेक्षा काही तासांनी लहान होता. वरवर पाहता याने काय फरक पडावा? बारा तासांचे दोन दिवस आणि चोवीस तासांचा एक, ऊन सारखंच. ऑक्सिजन बनण्याचा वेगही उन्हाबरोबरच चढतो-उतरतो. पण तो साईतून बाहेर पडण्याचा वेग सूर्य ठरवत नाही, रेणूंची वाट काढण्याची चाल ठरवते. पाण्यात ऑक्सिजनला एक मिलीमीटर सरकायला साधारण चार मिनिटं लागतात, पण अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट, म्हणजे एका सेंटीमीटरला सातेक तास. दिवस छोटा असेल तर आतला साठा वाढून बाहेर ढकलला जाण्याआधीच सूर्य बुडतो, आणि जे आत अडकलं ते रात्री शेजारी संपवतात. दिवस लांबला की तीच साय, तेवढ्याच उन्हात, थोडा जास्त ऑक्सिजन बाहेर सोडते. हे सगळ्या उशिराचं एकमेव कारण आहे असं क्लाट यांचा गटही म्हणत नाही. पण करोडो वर्षं हा थोडासा फरक साठत गेला, तर त्याचं वजन कळतं.

आता दगड. साय कार्बोनेटच्या गाळात वाढते तेव्हा चिकट पृष्ठभागावर कण बसतात, कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यामुळे चुनाही जमतो, आणि गाडले गेलेले तंतू उजेडासाठी पुन्हा वर सरकतात. असं हजारदा झालं की घुमटासारखा थरांचा दगड तयार होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात हॅमेलिन पूलला हे आजही चालू आहे आणि वाढ वर्षाला अर्ध्या मिलीमीटरहून कमी. एक थर म्हणजे एक दिवस, असं मात्र धरू नका. थर उजेडाकडे ओढ असलेले जीव सांगतो, ते ऑक्सिजन सोडत होते की नाही हे सांगत नाही, कारण जांभळ्यांसारखी मंडळीही असे थर रचू शकतात. काही वेळा तर जीवच नव्हते, दगड दाबून-वाकून तसा आकार झाला, अशी शंका येते. ग्रीनलंडच्या ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातल्या "स्ट्रोमॅटोलाइट"वर २०१६ नंतर असाच वाद झाला.

हवेतल्या ऑक्सिजनचा पुरावा म्हणून दुसरीकडे बघावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या जुन्या नद्यांच्या वाळूत पायराइटचे घासून गोल झालेले गोटे सापडतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पायराइट पार गंजून जातो, म्हणजे तेव्हा नद्यांवरच्या हवेत ऑक्सिजन नव्हता. त्याहून नेमका पुरावा गंधकाच्या समस्थानिकांचा. ऑक्सिजन नसेल तर वर ओझोनही नसतो, अतिनील किरण खालपर्यंत येऊन गंधकाचे वायू फोडतात, आणि त्या फोडण्यातून गंधकाच्या जड-हलक्या अणूंचं असं विचित्र प्रमाण उरतं जे वजनाच्या नेहमीच्या नियमात बसत नाही. २००० साली जेम्स फार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जुन्या खडकांत ही खूण आहे आणि पुढच्या खडकांत नाही. ती नाहीशी होण्याचा काळ आता २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. तुमच्या प्रश्नातला आकडा तिथून येतो, स्ट्रोमॅटोलाइटमधून नाही.

दगड पाहायचे असतील तर राजस्थानात चित्तोडगडजवळचं भोजुंदा किंवा उत्तर प्रदेश-मध्य प्रदेश सीमेवरचं चित्रकूट गाठा, हातोडी घरी ठेवून. साय पाहायची असेल तर मे संपायच्या आत मिठागराच्या बांधावर जा, काकांना विचारून. पहिल्या मोठ्या पावसात पाणी गोडं होतं, चिखल उसळतो आणि वर्षभराची साय वाहून जाते. ताटलीत आणलीत, तर बुडबुड्यांसाठी दुपारपर्यंत थांबा.