ओढणीचा काठ चेहऱ्यावरून गेला असेल तर चेहरा कसा बदलायचा?

प्रश्न: लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरीचे डोळे मिटलेत. दुसऱ्या फ्रेममधला तिचाच चेहरा लावतोय, पण ओढणीचा काठ कपाळावरून गालावर आलाय आणि तिथेच सगळं चिकटवल्यासारखं दिसतंय. काय करू?

उत्तर: निम्मं काम फ्रेम निवडतानाच होतं. जिच्यात हसू सगळ्यात छान ती फ्रेम घेण्याचा मोह होतो. मी मात्र जिच्यात ओढणी मूळ फोटोपेक्षा थोडी मागे सरकलीय ती घेतो. मग नव्या फ्रेममधला काठ मूळ ओढणीखाली आपोआप झाकला जातो. उलट घेतलंत तर गालावर दोन-दोन काठ दिसतात आणि खालची कातडी नव्याने रंगवत बसावं लागतं.

माझ्याकडे असाच एक फोटो आला होता: लाल नेटची ओढणी, सोनेरी लेस, डाव्या भुवईवरून तिरकी गालापर्यंत. दोन्ही फ्रेम फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून Auto-Align Layers चालवलं. त्याने मागची मंडळी जुळली, पण नवरीची मान जरा वळलेली होती, म्हणून चेहरा हाताने फिरवून डोळे आणि नाक जुळवले. मग मास्क. जोड नेटवर कधीच आणू नका. नेटमधून जुनी कातडी दिसत असते. जोड लेसच्या खालच्या कडेवर आणा, कारण तेवढीच पट्टी अपारदर्शक असते. पेन टूलने लेसची नागमोडी कड कापली, मास्क जेमतेम अर्धा पिक्सेल मऊ केला. गालाजवळ लेस फोकसबाहेर होती, तिथे जास्त मऊ केला. कड सगळीकडे सारखीच धारदार ठेवली की कात्रीने कापल्यासारखी दिसते.

भुवई अर्धी नेटखाली होती, म्हणजे ती जुन्या फ्रेमची. लेसखालून बाहेर येणारी नवी. दोन्ही एका रेषेत येईपर्यंत नवा चेहरा वॉर्पने किंचित ओढला. यात चूक झाली तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चेहरा तिचा वाटत नाही.

एवढं करूनही ती चिकटवलेलीच दिसत होती, कारण लेसची सावली जुन्या चेहऱ्याबरोबर गेली होती. नव्या चेहऱ्यावर मल्टिप्लाय लेयर घेतला, मूळ फोटोतल्या सावलीचाच तपकिरी रंग उचलला आणि लेसलगत मऊ ब्रशने बारीक पट्टी मारली. काळा रंग घेऊ नका, मळ बसल्यासारखा दिसतो. लाल कापडाची गालावर पडणारी लाली मूळ फोटोत असेल तर तीही फिकी द्यावी लागते.

हीलिंग ब्रश काठाजवळ नेऊ नका, सोनेरी रंग गालावर फासला जातो. आणि दोन्ही फ्रेममध्ये डोळ्यावरच जाड भरतकाम आलं असेल तर हा खटाटोप सोडा, तिसरी फ्रेम शोधा.